कॉलरच्या मागची अट

विमा कंपनीच्या शाखेत खिडकी क्रमांक तीनवर मी बावीस वर्षं बसते आहे. या खिडकीसमोर माणूस हसत येत नाही. कुणाचा पत्ता चुकलेला असतो, कुणाची पॉलिसी हरवलेली असते, आणि प्रत्येकाला वाटतं की ती मीच हरवली. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिखट झाला आहे. घरचे म्हणतात तो आधीपासूनच तसा होता. असेल.

शाखेच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, कापायचं एक लांब टेबल, पायाने चालवायची दोन मशीन्स आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदी साचे. आमच्या शाखेतल्या प्रत्येकाच्या अंगावर मास्तरांचा एक तरी टाका आहे. शिपायाच्या पँटची चेन, मॅनेजरसाहेबांच्या कोटाचं अस्तर, माझ्या सगळ्या कुर्त्यांच्या बाह्या. बावन्न वर्षांचा, किरकोळ अंगाचा, गळ्यात टेप आणि तोंडात दोन टाचण्या असलेला माणूस. कापडाचं सोनं करणारी हाताची सफाई. पण या माणसाला घडवताना देवाकडून एक शब्द द्यायचा राहून गेला. मास्तरांना 'नाही' म्हणता येत नाही.

लोक नन्नाचा पाढा लावतात, मास्तरांना तो पहिल्या ओळीपासूनच पाठ नाही. दीड मीटर कापड आणून कुणी म्हणालं, "मास्तर, यात फुल शर्ट होईल ना?" तर मास्तर कापड डोळ्यांजवळ नेतात, वाईट वाटून घेतात आणि म्हणतात, "बघू, करू काहीतरी." मग स्वतःच्या कपाटातलं कापड आतून जोडतात. दुकानाच्या कोपऱ्यात शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराची शिडी उभी आहे, "संध्याकाळी नेतो" म्हणाला होता, त्याला तीन वर्षं झाली. कुणीतरी "दोन दिवस सांभाळा" म्हणून ठेवलेलं मांजर आहे, आता ते आठ वर्षांचं आहे. मीही त्यातलीच, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू? शनिवारी दुपारी कपडा टाकून सोमवारी सकाळी हवा म्हणणारी मीच.

दुसऱ्या मशीनवर मास्तरीणबाई बसतात. काज, बटणं, दुमडी, सगळं त्यांच्याकडे. त्यांना 'नाही' उत्तम म्हणता येतं, पण गिऱ्हाईक नेमकं त्या पाणी आणायला गेल्या की येतं. बावीस वर्षं पाय मारून त्यांचे गुडघे गेले आहेत. उठताना आधी टेबलाला हात, मग मशीनला हात, मग देवाचं नाव. म्हणून दोघांनी चार वर्षं पैसे साठवले होते, मोटरवर चालणारं मशीन घ्यायला. अठ्ठेचाळीस हजार झाले होते. मशीनच्या दुकानदाराशी बोलणंही झालं होतं.

आणि मग साडू आला.

मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा आमच्याच कंपनीचा एजंट आहे. शाखेत आम्ही त्याला 'गुलकंद' म्हणतो. माणूस वाईट नाही, पण महिनाअखेर आली की त्याला सगळ्या नातेवाइकांच्या आयुष्याची काळजी वाटू लागते. टार्गेटला एक पॉलिसी कमी पडत होती. तो मास्तरांकडे गेला, मांजराला कुरवाळलं आणि म्हणाला, "साडूभाऊ, एकदाच भरायचे. पाच वर्षांत दुप्पट. माझ्यासाठी एवढं कराच." बाई पाणी आणायला गेल्या होत्या.

मास्तरांनी सही केली. पैसे गेले. बायकोला सांगितलं की मशीनचा दुकानदार नवीन माल यायची वाट बघायला सांगतोय. आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही इतकं वाईट जमलं की बाईंना ते खरंच वाटलं. इतका भोळा माणूस खोटं बोलेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

वय पन्नाशीच्या पुढचं म्हणून कंपनीने रक्ततपासणी करायला पाठवलं. मास्तर जाऊन आले आणि येताना डॉक्टरच्या कोटाचं बटण लावून आले. मग कंपनीतून खात्री करून घ्यायचा फोन आला. अशा फोनवर एक मुलगी ठरावीक प्रश्न विचारते आणि बोलणं रेकॉर्ड होतं. ते रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं आहे. "हप्ता दर वर्षी, दहा वर्षं भरायचा आहे, हे तुम्हाला समजलं आहे का?" मास्तर म्हणाले, "हो हो." "एजंटने सगळ्या अटी समजावून सांगितल्या का?" "हो हो." "तुम्हाला काही शंका आहे का?" याही प्रश्नाला मास्तर "हो हो" म्हणाले. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "शंका आहे?" तर मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

यथावकाश पॉलिसी कुरियरने आली. कुरियरवाल्याने पाकीट दिलं, सही घेतली आणि त्याच दमात पँट काढली. अंगातली नव्हे, पिशवीतली. कंबर ढिली करून हवी होती. मास्तरांनी त्याचं माप घेऊन वहीत लिहिलं आणि पाकीट न उघडता कपड्यांच्या ढिगाखाली सारलं. बायकोला दिसू नये म्हणून.

पण चोराच्या मनात चांदणं, त्या पाकिटावरून त्यांचं लक्ष हटेना. तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाची जाड कॉलरची ऑर्डर आली, साचा करायला पुठ्ठ्यासारखा कागद हवा होता, आणि मास्तरांना आठवलं की त्या बंद पाकिटात बाहेरूनही हाताला लागेल असा एक जाड कागद आहे. कंपनी पॉलिसीबरोबर अटींचा सारांश देते, तो. आमच्या छपाई विभागाला कागदावर पैसे उधळायची हौस आहे. मास्तरांनी तो बाहेर काढला, वाकवून पाहिला, खूश झाले आणि त्यातून कॉलरचा साचा कापला. उरलेल्या तुकड्यातून मनगटाची पट्टी निघाली. शिंपी कागद वाचत नाही, कागदाचा कणखरपणा बघतो. चार दिवस त्या साच्यावरून आठ कॉलर निघाल्या.

सहाव्या दिवशी मास्तरीणबाई खडूने रेघ मारायला बसल्या आणि साचा उलटा पडला. कॉलरच्या मागे छापलं होतं, "विमाधारकाचे नाव", आणि पुढे त्यांच्या नवऱ्याचं पूर्ण नाव. खाली "वार्षिक हप्ता ४८,०००", त्याखाली "हप्ता भरण्याची मुदत १० वर्षे".

बाईंनी चष्मा लावला, कॉलरच्या टोकाला असलेलं अर्धं वाक्य वाचलं, "अटी मान्य नसल्यास पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत", आणि मग खिळ्यावरची मनगटाची पट्टी काढून शेजारी जोडली. पट्टीवर पुढचं होतं, "कारण नमूद करून ती परत करता येईल." मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "भीड ही भिकेची बहीण, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. ती आता आपल्या घरात राहायलाच आली."

मास्तरांच्या तोंडातल्या दोन्ही टाचण्या खाली पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्या खिडकीत. बाईंच्या हातात पॉलिसीचं पाकीट, कॉलर आणि मनगटपट्टी. मास्तरांच्या हातात पत्र. पत्र त्यांनीच लिहायचं होतं, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर. मी वाचलं. बावीस वर्षांत असं पत्र मी पाहिलं नाही.

"माननीय साहेब, आपली पॉलिसी मिळाली. छपाई सुरेख आहे, कागद अप्रतिम आहे. आपला एजंट अत्यंत गोड स्वभावाचा आहे. आपली काही चूक नाही. तरी पॉलिसी परत घ्यावी. कारण : काही नाही. त्रासाबद्दल क्षमस्व."

"मास्तर," मी म्हणाले, "हे रद्द करायचं पत्र आहे की शिफारसपत्र? यात कारण लिहावंच लागतं."

"कारण लिहिलं की कुणाला तरी लागतं हो."

"मला लागतं, माझ्या फाइलला."

ते बाकावर जाऊन बसले आणि दुसरा कागद घेऊन आले. यात कारण होतं, "माझी पत्नी." बाईंनी तो माझ्या हातात येण्याआधीच फाडला. "लिहा," त्या म्हणाल्या, "साडूने फसवलं, लिहा." मास्तरांनी पेन उचललं, 'सा' लिहिलं आणि त्यांना घाम फुटला.

मी काम बाजूला ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग आला होता आणि कीवही. मी म्हणाले, "हे बघा, कुणाला दोषी ठरवायचं नाहीये. ही मुदत त्यासाठीच असते. पॉलिसी घरी येते, माणूस ती निवांत वाचतो, एखादी अट पटली नाही तर कारण सांगून परत करतो. फसवलं हे सिद्ध करावं लागत नाही. कोणती अट मान्य नाही तेवढं लिहा. आणि पैसे सगळे नाही मिळणार. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखमीचा भाग, रक्ततपासणीचा खर्च आणि स्टॅम्पचा खर्च कापून घेतात."

इथे मात्र मास्तर एकदम मोकळे झाले. "ते बरोबरच आहे. कापड कापल्यावर कापलेल्याचे पैसे गिऱ्हाइकानेच द्यायचे." धंद्याची गोष्ट निघाली की माणूस शहाणा होता.

मी संगणकात पाहिलं आणि जीभ चावली. पॉलिसी निघून पस्तीस दिवस झाले होते. तेवढ्यात मॅनेजरसाहेब मागून डोकावले. "मुदत संपली की. फाइल कशाला उघडताय?"

"साहेब, मुदत पॉलिसी निघाल्यापासून नाही, हातात पडल्यापासून," मी म्हणाले.

"मग हातात कधी पडली? कुरियरची पोच मागवायला वेळ जाणार. यांच्याकडे काही आहे का?"

मास्तर ताठ झाले. इतकी वर्षं मी त्यांना ताठ झालेलं फक्त खांद्याचं माप घेताना पाहिलं आहे. ते दुकानात गेले आणि मापांची वही घेऊन आले. पान उघडून मॅनेजरसाहेबांसमोर ठेवलं. तारीख होती. त्याखाली, "कुरियरवाले. पँट, कंबर चौतीसची छत्तीस. पाकीट दिलं तेव्हाच." आणि पँट कधी न्यायची ते ठरवताना कुरियरवाल्याने शेजारी आपला फोन नंबर लिहून सही ठोकली होती. मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ती घेतात. माणसांवर विश्वास ठेवतात, पण मापावर नाही.

मी त्या नंबरवर फोन लावला. तो म्हणाला, "हो, त्याच दिवशी. पोचेचा फोटो मोबाइलमध्ये आहे, पाठवतो. आणि मास्तरांना सांगा, कंबर आता जरा जास्तच ढिली झाली." पोच पाच मिनिटांत आली. हातात पडल्यापासून आजचा सत्ताविसावा दिवस. मॅनेजरसाहेब "ठीक आहे" म्हणून केबिनमध्ये गेले, जाताना कोटाचं अस्तर चाचपत.

मग मास्तरांनी तिसरं पत्र लिहिलं. बाकावर बसून, टेप गळ्यात तसाच, अर्धा तास. मध्ये दोनदा मला विचारून गेले. बाई शेजारी गुडघे चोळत बसल्या होत्या. पत्र संपलं, सही बाकी होती, आणि दारातून गुलकंद आत आला. शाखेत एजंटच्या पॉलिसीची फाइल उघडली की त्याला कोण कळवतं, हे मला अजून सापडलेलं नाही.

"अहो साडूभाऊ," तो मास्तरांच्या शेजारी बसत म्हणाला, "मला आधी सांगायचं नाही का? घरातली गोष्ट. हे बघा, आज नका देऊ पत्र. या महिन्याचा माझा हिशेब बंद होऊ द्या, कमिशन परत कापतात हो. चारच दिवस थांबा. मग मी स्वतः येऊन रद्द करून देतो. माझ्यासाठी एवढं कराच."

चार दिवस म्हणजे एकतिसावा दिवस. मला ते माहीत होतं, गुलकंदला माहीत होतं, आणि खिडकीत बसून मला कुणाच्या नात्यात पडता येत नव्हतं. तरी मी तोंड उघडलं, "मास्तर, आज सत्ताविसावा..." पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचे भाव यायला लागले होते, कापड डोळ्यांजवळ नेतानाचे. ओठ 'हो'साठी गोल झाले. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी फक्त उठायचं ठरवलं. एक हात बाकाला, दुसरा माझ्या काउंटरला. "देवा," त्या पुटपुटल्या. गुडघा कट्कन वाजला, मला खिडकीच्या आत ऐकू आला.

मास्तरांचे ओठ मिटले.

"मला बोलता यायचं नाही," ते साडूला म्हणाले. "मी वाचून दाखवतो." आणि ते उभे राहिले. पत्र दोन्ही हातांनी धरून, शाळेतल्या मुलासारखं, त्यांनी वाचायला सुरुवात केली. शाखेत त्या वेळी नऊ माणसं होती.

"विषय : मुदतीच्या आत पॉलिसी रद्द करून हप्ता परत मिळण्याबाबत. महोदय, वर दिलेल्या क्रमांकाची पॉलिसी मला मिळून आज सत्तावीस दिवस झाले. पोच जोडली आहे. मला खालील अट मान्य नाही. हप्ता दहा वर्षं भरायचा आहे. मी तो एकदाच भरायचा आहे असं समजून सही केली. फोनवर ऐकलं तेव्हाही मी विचारलं नाही, कारण समोरचा माणूस माझा होता. माझी दर वर्षी एवढा हप्ता भरण्याची ऐपत नाही. हे पैसे माझ्या पत्नीच्या मशीनसाठी चार वर्षं साठवले होते आणि मी ते तिला न विचारता दिले. ही चूक माझी आहे, पण ती मला दहा वर्षं करायची नाही."

इथे ते थांबले. बाई एका हाताने काउंटर धरून उभ्या होत्या. मास्तर पुढे वाचू लागले.

"मूळ पॉलिसी परत करत आहे. अटींचा सारांश कॉलर आणि मनगटपट्टी अशा दोन तुकड्यांत जोडला आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. भरलेल्या अठ्ठेचाळीस हजारांतून विम्याच्या दिवसांचा भाग, तपासणी व स्टॅम्प खर्च वजा करून उरलेली रक्कम, अंदाजे सेहेचाळीस हजार आठशे, माझ्या खात्यात जमा करावी. रद्द केलेला चेक सोबत आहे. काय कापलं त्याचा तपशील लेखी द्यावा. यापुढे ही पॉलिसी चालू ठेवायची का, असं मला कुणी विचारल्यास माझं उत्तर नाही असं समजावं."

गुलकंद म्हणाला, "साडूभाऊ, एवढं लिहून यायची गरज नव्हती. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तेच तर जमत नाही," मास्तर म्हणाले आणि सही केली.

मी पत्रावर आवक शिक्का मारला, तारीख आणि वेळ घातली, पोच प्रत त्यांना दिली. कॉलर आणि मनगटपट्टी फाइलला टाचणीने लावली. मुख्य कार्यालयातून फोन आला, "तिसऱ्या जोडपत्राचा आकार असा का?" मी म्हणाले, "पत्र मापाचं आहे." आठवड्याच्या आत पैसे जमा झाले, सेहेचाळीस हजार आठशे चोवीस, सोबत कापाकापीचा तपशील. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. आता ते कागद वाचतात. मग कणखरपणा बघितला आणि कचऱ्यात टाकला, फार पातळ होता. मशीनला बाराशे कमी पडत होते. ते गुलकंदने आणून दिले, टेबलावर ठेवून लगेच गेला. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

नवीन मशीन आलं. त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, मी कुर्त्याचं कापड घेऊन दुकानात गेले. शिडी जागेवर, मांजर जागेवर. बाई मोटरवर दुमडी घालत होत्या, पाय मोकळे, चक्क एकावर एक टाकलेले.

"मास्तर," मी म्हणाले, "कापड जरा कमी आहे, पण तुम्ही करालच काहीतरी. सोमवारी सकाळी हवा."

मास्तरांनी कापड हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. वाईट वाटून घेतलं. मोटरचा आवाज थांबला. बाईंनी मान वर केली नव्हती, फक्त हात थांबवला होता.

"ताई," मास्तर मला म्हणाले आणि कापड घडी करून माझ्या हातात दिलं. "नाही."

मी बघतच राहिले. ते घाईघाईने पुढे म्हणाले, "हवं तर लिहून देतो."

"नको," मी म्हणाले. "ऐकू आलं."

मोटर परत सुरू झाली. मी कापड घेऊन घरी आले. दोन दिवस मला त्यांचा राग होता, खोटं कशाला सांगू. सोमवारी जुनाच कुर्ता घालून मी खिडकीत बसले.